नवस बोलावा की नाही? बोललाच तर फेडावा कसा?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या डहाणूत दुआ मागणाऱ्यांचे डोळे ओले होतात. चैत्र पौर्णिमा आली की विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते. तलासरीहून कॉलेजला येणारी माझी वारली मुलं त्या दिवसांत वर्गात दिसत नाहीत. कुणाच्या घरचा कोंबडा फेडायचा असतो, कुणाचा नारळ, कुणाला अनवाणी चालत जायचं असतं. इकडे आमच्या मोहल्ल्यातही कुणी माहीमला, कुणी हाजी मलंगला मन्नत उतारायला निघालेलं असतं.

मराठीत नवस ‘बोलतात’ आणि नवस ‘फेडतात’. फेडायचं ते कर्ज. उर्दूत मन्नत ‘मानतात’ आणि ‘उतारतात’. उतारायचं ते ओझं. शरीयतमध्ये या बांधिलकीला नज़्र म्हणतात. तीन भाषांतले शब्द वेगळे असले, तरी एकदा शब्द दिला की सुटका नाही, हे तिन्ही शब्दांत आहे.

मग प्रश्न पडतो, की ‘माझं काम कर, मी तुला बकरा देतो’ असा सौदा अल्लाहशी करावा का?

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हज़रत अब्दुल्लाह इब्न उमर यांची रिवायत आहे. पैगंबर साहेबांनी (स.) नज़्र मानू नका असं सांगितलं. नज़्रीने नशिबात काही बदल होत नाही, तिच्यामुळे फक्त कंजूष माणसाच्या हातून काही सुटतं, असा त्याचा आशय. म्हणजे जो एरवी दान करत नाही, तो अडचणीत सापडल्यावर अटीवर करतो. आपण ज्याला भक्ती समजतो, त्यातला हिशेब इथे नेमका उघडा पडतो. म्हणून अनेक आलिम अटीची नज़्र मकरूह, म्हणजे नापसंत मानतात.

पण त्याच कुरआनात नज़्र पुरी करणाऱ्यांचं कौतुकही आहे. सूरह दहरमध्ये नेक बंद्यांची ओळख सांगताना ते आपली नज़्र पाळतात असं म्हटलं आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा विरोधाभास वाटतो. खरं तर कर्जाचंही तसंच आहे. वडीलधारे कर्ज काढू नको असं सांगतात आणि काढलं तर बुडवू नको असंही तेच सांगतात.

आता आमच्या शेजारची गोष्ट. नाव सांगत नाही. ही बाई घरी शिवणकाम करते. तिच्या धाकट्या मुलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स खाली गेल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या तोंडून निघालं, ‘या अल्लाह, पोरगा बरा झाला तर तुझ्या नावाने बकरा कापीन आणि दर्ग्यावर शंभर गरिबांना जेवू घालीन.’ मुलगा बरा झाला. मग सासर-माहेर दोन्हीकडून विचारणा सुरू झाली, ‘मन्नत कधी उतारणार?’ बकरा, आचारी, तांदूळ, दर्ग्यापर्यंतची गाडी हे सगळं जुळेना. शेवटी ती कानातले गहाण टाकायला निघाली. ‘भाईजान, उशीर झाला तर पोराला पुन्हा काही होईल,’ ती मला म्हणाली. त्या मन्नतीने तिला धीर दिला होता, आता तीच तिला भीती घालत होती.

आम्ही दोघं आमच्या मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांनी आधी तिला शांत केलं आणि मग एकेक प्रश्न विचारला.

पहिला प्रश्न, शब्द तोंडाने उच्चारले होते की नुसते मनात आले होते? नुसता विचार आला असेल तर नज़्र लागू होत नाही. ती बोलली होती, म्हणून लागू झाली. दुसरा, नज़्र कुणासाठी होती? नज़्र ही इबादत आहे, ती अल्लाहसाठीच असते. बुज़ुर्गांना फक्त सवाब पोहोचवता येतो. तिने अल्लाहचं नाव घेतलं होतं. तिसरा, जे कबूल केलं ते इबादतीच्या जातीचं आहे का? जिबह करून गरिबांना खाऊ घालणं तसं आहे. माझ्या खालाने एकदा मन्नत म्हणून चिकू सोडला होता. घोलवडच्या चिकूच्या मुलखात राहून चिकू न खाण्यात इबादत कुठली?

चौथा प्रश्न जागेचा. ती हनफी मसलकाची. हनफी फिकहनुसार अमुकच गावच्या, अमुकच जागच्या गरिबांना देण्याचं बंधन राहत नाही. ती डहाणूतही खाऊ घालू शकते. आमच्या कोकणी घरांत शाफई मसलक चालतो. त्यात ठरलेल्या गावच्या गरिबांचा हक्क धरला जातो, म्हणून ज्याने त्याने आपल्या मसलकाच्या आलिमाला विचारावं. पाचवा, मुदत ठरवली होती का? नव्हती. मग ऐपत आल्यावर करावं, व्याजाचं कर्ज काढून करू नये. शंभर माणसं एकाच पंगतीत बसली पाहिजेत असंही नाही, थोडी थोडी करूनही चालतील.

शेवटी मौलानांनी एक गोष्ट बजावून सांगितली. नज़्रीचं मटण गरिबांचं. त्यातलं ती, तिची मुलं किंवा खातेपिते नातेवाईक खाऊ शकत नाहीत. इथेच बहुतेकांचं चुकतं. मन्नतीच्या देगेवर सगळे नातेवाईक जेवतात आणि ज्यांच्यासाठी ती शिजली ते दाराबाहेर राहतात.

‘आणि कधीच जमलं नाही तर?’ तिने विचारलं. जे खरोखर आवाक्याबाहेर आहे, त्याचा कफ्फारा कसमेसारखा आहे: दहा गरिबांना जेवण किंवा कपडे, तेही शक्य नसेल तर तीन रोजे. सूरह मायदामध्ये हा हिशेब आहे. पण मौलाना म्हणाले, ‘आधी सवड घ्या, कफ्फारा नंतरचा.’

रमजानमध्ये आणखी एक प्रश्न हमखास येतो. नज़्र मानलेले रोजे रमजानच्या रोज्यांत धरले जातील का? नाही. रमजानचा रोजा रमजानचाच. नज़्रीचे रोजे ईदनंतर वेगळे ठेवावे लागतात.

पैगंबर साहेबांनी (स.) एकदा एका वृद्धाला पाहिलं. दोन मुलांच्या आधाराने तो कसाबसा पाय ओढत चालला होता. पायी जाण्याची नज़्र मानली होती, असं कळलं. अल्लाहला याच्या स्वतःला त्रास देण्याची गरज नाही, असं सांगून त्याला सवारीवर बसायला लावलं. हे वाचताना मला महालक्ष्मीची आख्यायिका आठवते. दर्शनाला डोंगर चढणारी गरोदर भक्तीण वाटेत कोसळली, तेव्हा तू वर येऊ नकोस, मीच खाली येते, असं देवीने सांगितल्याचं इथले लोक सांगतात. म्हणून देऊळ डोंगराच्या पायथ्याशी आहे. दोघांच्या श्रद्धा वेगळ्या, पण थकलेल्या माणसाचं ओझं हलकं करण्याची गोष्ट दोन्हीकडे आहे.

शेजारणीने कानातले गहाण टाकले नाहीत. शिलाईचे पैसे साठवून सात महिन्यांनी तिने वर्ष भरलेला बकरा घेतला. तीन शुक्रवारी मिळून शंभर जणांना जेवू घातलं, घरात बोटी आली नाही. मुलगा दारात पाणी वाटत होता.

परवा इफ्तारच्या वेळी ती भेटली. मोठ्या मुलीची बारावीची परीक्षा आहे. ‘या वेळी काय कबूल केलंत?’ मी गमतीने विचारलं. ‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘आधी पाच रोजेदारांची इफ्तार दिली, मग दुआ मागितली. पास झाली तर शुक्र, नाही झाली तरी इफ्तार वाया गेली नाही.’

तिच्या या दुआत अट नव्हती, म्हणून आता डोक्यावर कर्जही नाही.