माडावरून नारळ पडतो तेव्हा

२० मीटर उंच माडावरून दीड किलोचा नारळ सुटला. जमिनीपासून १५ मीटरवर त्याचा वेग किती? नववीच्या गणितांत मुलं नेमकी इथेच अडखळतात.

आधी शेंड्यावरचा हिशोब करू. तिथे वेग शून्य, म्हणून सगळी ऊर्जा स्थितिज. g = १० मी/से² धरून:

mgh = १.५ × १० × २० = ३०० ज्यूल

एकूण यांत्रिक ऊर्जा ही एवढीच, वाटेत ती बदलत नाही. आता १५ मीटरवर:

mgh = १.५ × १० × १५ = २२५ ज्यूल

इथे h म्हणून ५ घातलं की गणित फसतं. नारळ ५ मीटर खाली आला हे खरं, पण h म्हणजे जमिनीपासूनची उंची. उरलेली ऊर्जा गतिज:

३०० − २२५ = ७५ ज्यूल
½ × १.५ × v² = ७५
v² = १००, v = १० मी/से

जमिनीला टेकण्याआधी ३०० ज्यूल गतिज होते. तेव्हा v² = ४००, म्हणजे वेग २० मी/से. वेग दुप्पट, ऊर्जा मात्र चौपट. ७५ आणि ३०० पाहिले की उत्तर पटतं.

मुलांना वस्तुमान २ किलो घेऊन तेच गणित करायला सांगा. ऊर्जेचे आकडे बदलतील, वेग नाही, कारण m दोन्हीकडून जातो. हवेचा विरोध इथे सोडून दिला आहे. प्रत्यक्षात थोडी ऊर्जा हवेत जाते आणि वेग जरा कमी भरतो.