डबी न फोडता

टेबलावर प्लॅस्टिकची एक बंद डबी आहे असं समजा. डावीकडून दोन तारा बाहेर आल्या आहेत, उजवीकडून दोन. डबी फोडायची नाही. तरीही डावीकडे अमुक व्होल्टेज लावलं आणि उजवीकडे तमुक रोध जोडला तर किती करंट वाहील, हे आधीच सांगता आलं पाहिजे. इलेक्ट्रिकलची मुलं या डबीला ‘टू-पोर्ट’ म्हणतात. तारांची एक जोडी म्हणजे एक पोर्ट. १९२९ मध्ये फेलिक्स श्ट्रेकर आणि रिखार्ड फेल्टकेलर या जर्मन अभियंत्यांनी अशा चार टोकांच्या मंडलांचं गणित मॅट्रिक्सच्या रूपात मांडलं. त्यातली एक रीत आजही दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगवहीत असते, आणि बहुतेक वेळा ती न समजताच उतरवली जाते.

डबीच्या आत स्वतःची बॅटरी नसेल आणि व्होल्टेज दुप्पट केल्यावर करंटही दुप्पट होत असेल, तर तिचा सगळा स्वभाव दोन ओळींत मावतो:

V1 = Z11·I1 + Z12·I2
V2 = Z21·I1 + Z22·I2

इथे १ म्हणजे डावी बाजू आणि २ म्हणजे उजवी. दोन्ही करंट डबीच्या आत शिरताना धन मानायचे. चार Z म्हणजे चार इम्पीडन्स, मोजायचे ओहममध्ये. अनोळखी आकडे चार असले तरी प्रयोग दोनच पुरतात, कारण उजव्या तारा कशालाही न जोडता मोकळ्या सोडल्या की I2 शून्य होतो आणि प्रत्येक ओळीतलं दुसरं पद गळून पडतं. ओपन सर्किट चाचणीची सगळी युक्ती एवढीच.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. उजव्या तारा मोकळ्या ठेवून डावीकडे ६ व्होल्ट लावले. अँमीटरने २० मिलिअँपिअर दाखवले आणि उजव्या मोकळ्या तारांवर व्होल्टमीटरने ४ व्होल्ट दाखवले. Z11 म्हणजे ६ भागिले ०.०२, म्हणजे ३०० ओहम. Z21 म्हणजे ४ भागिले ०.०२, म्हणजे २०० ओहम. मग बाजू बदलायची. डाव्या तारा मोकळ्या केल्या आणि उजवीकडे १० व्होल्ट दिले. पुन्हा २० मिलिअँपिअर आले आणि डावीकडे ४ व्होल्ट दिसले. म्हणून Z22 झाला ५०० ओहम आणि Z12 झाला २०० ओहम.

Z12 आणि Z21 सारखे आले हा योगायोग नाही. डबीत फक्त रोध, कॉइल, कपॅसिटर आणि साधे ट्रान्सफॉर्मर असतील तर ते सारखेच यायला हवेत. आत चालू ट्रान्झिस्टर असेल तर मात्र तशी अपेक्षा ठेवू नये. आपल्या डबीची वागणूक तीन रोधांच्या ‘टी’सारखी आहे: डाव्या हातात १०० ओहम, उजव्या हातात ३०० आणि मधून खाली येणारा २००. आत खरोखर हेच तीन रोध आहेत का, ते या आकड्यांवरून कळत नाही. वेगळ्या जोडणीतूनही हेच चार आकडे मिळू शकतात. बाहेर बसलेल्याला त्याने काही फरक पडत नाही.

हे तपासून बघता येतं. उजवीकडे ३०० ओहमचा रोध जोडा आणि डावीकडे पुन्हा ६ व्होल्ट द्या. तो रोध बाहेर असल्यामुळे V2 = −300·I2. दुसऱ्या ओळीत हे घातलं की I2 हा I1 च्या पाव पट आणि उलट दिशेचा निघतो. तो पहिल्या ओळीत घातला की डावीकडून डबी २५० ओहमची दिसते. म्हणजे I1 येईल २४ मिलिअँपिअर, बाहेरच्या रोधातून जातील ६ मिलिअँपिअर आणि त्याच्यावर पडतील १.८ व्होल्ट. आता मीटर लावून पाहा, तेच दिसेल. चाचणीत हा रोध आपण एकदाही जोडला नव्हता, हे इथे लक्षात घ्यावं.

चुका बहुधा ‘मोकळं’ या शब्दापाशी होतात. कॉम्प्युटरवर मंडल चालवणारा विद्यार्थी उजवीकडचा व्होल्टेज सोर्स काढत नाही, त्याची किंमत शून्य करतो. पण शून्य व्होल्टचा सोर्स म्हणजे सरळ जोडलेली तार; पोर्ट उघडा न राहता शॉर्ट होतो. मग Z11 ३०० ऐवजी २२० येतो. आकडा वरवर खरा वाटतो, पण V2 शून्य दिसत असतं, आणि तिथेच चोरी पकडता येते.

टेबलावर हेच काम व्होल्टमीटर गुपचूप करतो. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहमच्या आसपास असतो. आपल्या डबीला त्याचा पत्ताही लागत नाही. पण आतले रोध हजारपट असते, म्हणजे १००, २०० आणि ३०० किलोओहम, तर ‘मोकळ्या’ टोकावरचा मीटरच भार झाला असता. तेव्हा Z21 येतो १९०.५ किलोओहम आणि Z12 येतो १९४.२, दोन्हींची खरी किंमत २००. एकटा आकडा पाहून संशय आला नसता. दोघे जुळत नाहीत म्हणून मीटरकडे बघावंसं वाटतं. मला या प्रयोगातला सर्वांत उपयोगी भाग हाच वाटतो, तरी प्रयोगवहीत त्यासाठी सहसा रकाना नसतो.

काही डब्यांपुढे ही रीत मुळातच हरते. आत डावीकडून उजवीकडे जाणारा एकच रोध आणि खाली सरळ तार असेल, तर उजवी बाजू मोकळी केल्यावर करंट वाहायला वाटच उरत नाही. भागायला I1 शून्य, म्हणून Z चे आकडे अस्तित्वातच नाहीत.

त्याहून फसवा प्रकार ट्रान्सफॉर्मरचा. तिथे आकडे मिळतात, पण कामाचे नसतात. दोन्ही बाजूंना सारखे वेढे असलेला एक ट्रान्सफॉर्मर घ्या आणि तारांचा रोध सोडून द्या. एसीवर ओपन सर्किट चाचणी केली आणि Z11 व Z22 चा आकार १०१० ओहम, तर Z12 चा १००० ओहम आला. दुसरी बाजू शॉर्ट केली तर पहिल्या बाजूने किती ओहम दिसतील? १००० चा वर्ग भागिले १०१० म्हणजे ९९०.१, तो १०१० मधून वजा केला की उरतात १९.९ ओहम. आता Z12 मोजताना एकच टक्का चूक होऊन ९९० वाचले असं धरा. उत्तर येतं ३९.६, म्हणजे जवळजवळ दुप्पट. चूक दुसऱ्या दिशेने होऊन १०१० वाचले, तर उत्तर शून्य. दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढायचा म्हटलं की चांगला मीटरही तोकडा पडतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर तपासणारे ओपन सर्किट चाचणीवर थांबत नाहीत. ते दुसरी बाजू जाड तारेने शॉर्ट करतात, पहिल्या बाजूला व्होल्टेज हळूहळू वाढवत पूर्ण करंट वाहू देतात आणि तो लहान आकडा थेट मोजतात.