कॅनव्हास तिरका का होतो? बास्केटवीव्ह टाका आणि दोऱ्याची जाडी

सांगलीच्या एका व्यापारी कुटुंबातील आजींना न्यू जर्सीतील नातीने गतवर्षी नीडलपॉइंटचा एक रंगविलेला कॅनव्हास पाठविला. दहा इंची चौरस, मध्ये मोर, भोवती निळी पार्श्वभूमी. क्रॉस स्टिच आणि मॅटीवरील भरतकाम आजींनी आयुष्यभर केलेले. त्यामुळे अवघ्या तीन महिन्यांत मोर पूर्ण झाला. परंतु अभ्रा शिवण्यासाठी तो मेजावर पसरला, तेव्हा चौरस चौरस उरलाच नव्हता. वरची कड डावीकडे पाऊण इंच सरकली होती. फूटपट्टीने कर्ण मोजले, तर एक १४.७ इंच भरला आणि दुसरा १३.६. दहा इंची खऱ्या चौरसाचे दोन्ही कर्ण सुमारे १४.१ इंच भरावयास हवेत.

नातीने छायाचित्र ओळखीच्या एका विणकाम-दुकानदार बाईंना दाखविले. त्यांनी मोराकडे पाहिलेही नाही. “मागच्या बाजूचे छायाचित्र मागवा,” एवढेच त्या म्हणाल्या. ते पाहताच दोष उघड झाला.

नीडलपॉइंटचा मूळ टाका अगदी साधा असतो. सुई एका छिद्रातून वर येते, उभ्या-आडव्या धाग्यांचा एकच छेद तिरका ओलांडते आणि वरच्या ओळीतील उजव्या छिद्रात खाली जाते. हा टाका घालण्याच्या तीन पद्धती आहेत: हाफ क्रॉस, कॉन्टिनेन्टल आणि बास्केटवीव्ह. समोरून तिन्ही सारख्याच दिसतात. भेद सगळा पाठीवर. आजींनी क्रॉस स्टिचच्या सवयीने आडव्या ओळीत एकापुढे एक टाके घातले होते, म्हणजे कॉन्टिनेन्टल. यात समोरचा टाका तिरका, आणि मागचा लांब टाकाही त्याच दिशेला कललेला. प्रत्येक टाका कॅनव्हासला थोडेसे एकाच बाजूस ओढतो. १३ मेशच्या कॅनव्हासवर, म्हणजे इंचाला तेरा छिद्रे असलेल्या जाळीवर, दहा इंची चौरसात १६,९०० टाके बसतात. इतक्या टाक्यांची एकाच दिशेची ओढ साचली की ज्या कर्णाच्या दिशेने टाके कललेले असतात तो आखूड होतो आणि चौरस कलतो.

बास्केटवीव्हमध्ये ओळी आडव्या नसून तिरक्या असतात. आरंभ वरच्या उजव्या कोपऱ्यातून होतो. डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या ओळीत एक टाका संपला की सुई कॅनव्हासमागून दोन आडव्या धाग्यांखालून सरळ खाली येते आणि पुढचा टाका सुरू होतो. परतीच्या, वर चढणाऱ्या ओळीत ती दोन उभ्या धाग्यांखालून सरळ डावीकडे जाते. चढती ओळ उतरत्या ओळीच्या टाक्यांमधील मोकळ्या जागांत चपखल बसते. पाठीवर उभे आणि आडवे टाके एकाआड एक येऊन टोपलीच्या विणीसारखी जाळी तयार होते; नाव त्यावरूनच पडले. मागची ओढ आता तिरकी राहिली नाही. समोरचा टाका तिरकाच असतो. पण पाठीची वीण कॅनव्हासला चौकोनात धरून ठेवते.

येथे कॅनव्हासच्या विणीकडेही पाहावे लागते. मोनो कॅनव्हासमध्ये ताणा आणि बाणा साध्या विणीने वर-खाली जातात. त्यामुळे काही छेदांवर उभा धागा वर दिसतो, काहींवर आडवा. डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या कोणत्याही एका तिरक्या रेषेवर सर्व छेद एकाच प्रकारचे असतात आणि शेजारची रेषा दुसऱ्या प्रकारची. उभा धागा वर असलेल्या रेषेवर खाली उतरावे. आडवा वर असेल तेथे वर चढावे. दोन लगतच्या ओळी चुकून एकाच दिशेने घातल्या, तर पाठीची वीण तेथे तुटते आणि समोर एक पुसटशी तिरकी रेघ उमटते. गडद, सपाट पार्श्वभूमीत ती डोळ्यांना खुपते आणि उसवल्याखेरीज जात नाही. म्हणूनच अनुभवी हात काम थांबवताना ओळ पुरी करीत नाहीत. अर्ध्या ओळीवर सुई ठेवतात, म्हणजे पुन्हा बसताना दिशा विचारावी लागत नाही. इंटरलॉक कॅनव्हासमध्ये धागे एकमेकांत पिळलेले असल्याने ही खूण मिळत नाही. तेथे स्मरणावरच विसंबावे लागते.

आजींच्या कामात दुसरा दोष दोऱ्याचा होता. नातीने पर्शियन लोकर पाठविली होती. तिच्या एका धाग्यात सहज सुटे होणारे तीन पदर असतात. जाड दोरा म्हणजे टिकाऊ काम, असे मानून आजींनी तिन्ही पदर वापरले. तीन पदर १० मेशला शोभतात. १२ ते १४ मेशला दोन पुरेत आणि १८ मेशला एकच. छिद्रापेक्षा जाड दोरा आजूबाजूचे धागे ढकलून स्वतःची जागा करतो. मग काम फुगते आणि तिरकेपणात भर पडते. उलट दोरा फार बारीक असेल, तर टाक्यांमधून कॅनव्हासचे पांढरे ठिपके डोकावतात. सुती दोऱ्यात १८ मेशला पाच नंबरचा पर्ल कॉटन आणि १३ किंवा १४ मेशला तीन नंबरचा चालतो. रेशीम वर्ज्य मानणाऱ्या घरांना हा पर्याय सोयीचा, आणि चमकही असते. आपल्याकडे सर्वत्र मिळणारा सहा पदरी भरतकामाचा दोरा १८ मेशवर चार ते सहा पदरांनी भरतो. मात्र पदर आधी एकेक सुटे करून पुन्हा जुळवावेत, म्हणजे पीळ मोडून ते सपाट पसरतात.

तक्त्यांवर फार भरवसा नको. कॅनव्हासच्या कडेला इंचभर चौकोन भरून पाहणे हीच खरी परीक्षा. सुईमागचा दोरा छिद्राच्या कडांना हलकेच स्पर्शून यावा, ओढावा लागू नये. आणि हातभर अंतरावरून पांढरे काही दिसू नये. सुई बोथट टोकाची हवी: १३ मेशला २० नंबरची, १८ मेशला २२. दोरा अठरा इंचांहून लांब घेतल्यास छिद्रांतून घासून तो शेवटी झिजतो.

किती दोरा लागेल, हा हिशेब सोपा आहे. बास्केटवीव्हच्या एका टाक्यास, पुढचा-मागचा धरून, दोन छिद्रांमधील अंतराच्या सुमारे ३.४ पट दोरा लागतो. म्हणून एका चौरस इंचास मेशच्या ३.४ पट इंच. १३ मेशला ४४ इंच, म्हणजे १.१३ मीटर. शंभर चौरस इंचांस ११३ मीटर. टोके आणि उसवणे धरून १३५ मीटर घ्यावेत. दोन पदरी काम असल्याने तीन पदरी पर्शियन लोकर ९० मीटर पुरते. हाफ क्रॉसला याहून सुमारे तीस टक्के कमी दोरा लागतो. पण ही काटकसर महागात पडते, कारण मोनो कॅनव्हासवर तो टाका निसटतो आणि पाठीला आधार राहत नाही.

पहिला मोर आजींनी ओलसर करून, फळीवर आखलेल्या चौरसात अर्ध्या अर्ध्या इंचावर न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून बसविला. कॅनव्हासची खळ ओलाव्याने मऊ होते आणि वाळताना नव्या आकारात घट्ट होते. तीन दिवसांनी तो जवळजवळ चौरस झाला. पण पावसाळ्यात हवेतील दमटपणाने खळ सैलावली आणि जुनी ओढ परतली. अखेर मागे जाड अस्तर शिवून तो भिंतीवर लागला.

दुसरा कॅनव्हास लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ताणून भरला गेला: दोन पदर, बास्केटवीव्ह, सुई एकदा वरून आणि एकदा खालून. मोराच्या चोचीसारख्या एका टाक्याच्या बारीक रेषांना तिरकी ओळ मिळत नाही. त्या कॉन्टिनेन्टलनेच भरल्या. त्याचे कर्ण १४.२ आणि १४.१ भरले.