एमआरचा प्रोफाइल : नेमका कुठे पाय घसरतो?

‘निराला बाजार, समर्थनगर आणि सिडकोतल्या ४० डॉक्टरांकडून दरमहा खात्रीचा बिझनेस. मधुमेहावरच्या नव्या, पूर्ण सुरक्षित गोळीचं यशस्वी लाँच.’ छत्रपती संभाजीनगरातल्या एका एमआरने नोकरी बदलण्याआधी ऑनलाइन प्रोफाइलसाठी लिहिलेला हा मजकूर. वाचायला तडफदार वाटतो. पण दोन वाक्यांत तीन-चार गैरसमज आहेत.

पहिला ‘खात्रीचा बिझनेस’. फिल्डवरच्या बोलण्यात हा शब्द चालतो. लेखी मात्र त्यातून निघणारा अर्थ एवढाच, की डॉक्टर चिठ्ठी लिहितात ती या माणसासाठी. लगेच पुढचा प्रश्न येतो : कशाच्या बदल्यात? औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी जाहीर केलेल्या औषध-विपणनाच्या समान संहितेत डॉक्टरांना वा त्यांच्या कुटुंबीयांना वैयक्तिक लाभासाठी भेटवस्तू देण्यास मनाई आहे. भेट मिळावी म्हणून पैसे मोजणंही तिला मान्य नाही. मेडिकलवरच्या आरसीपीएतून समजलेलं ‘अमुक डॉक्टर महिन्याला इतकं लिहितात’ हेही प्रोफाइलमध्ये नको. ती माहिती कंपनीच्या कामाची असते आणि नाव जातं त्या डॉक्टरांचं.

मग टेरिटरी दाखवायची कशी? नकाशाने आणि गणिताने. हेडक्वार्टर शहर, एक्स-स्टेशन पैठण, गंगापूर, सिल्लोड, कन्नड. डॉक्टरांची नावं नकोत, फक्त प्रकार : फिजिशियन, जीपी, बालरोगतज्ज्ञ.

कव्हरेजच्या आकड्यात तर जाणकारही फसतात. समजा यादीत १६० डॉक्टर आहेत. त्यातले ५० कोअर, महिन्याला प्रत्येकी तीन भेटी. उरलेल्या ११० जणांना एकेक. म्हणजे १५० अधिक ११०, एकूण २६० कॉल. फिल्डचे दिवस २४ धरले तर रोज जवळपास ११. आता महिनाअखेर १६० पैकी १४४ डॉक्टर भेटले, तर कव्हरेज ९० टक्के. पण कोअरमधल्या ५० पैकी फक्त ३५ जणांच्याच तिन्ही भेटी झाल्या असतील, तर तिथला आकडा ७० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. प्रोफाइलमध्ये पहिलाच लिहिला जातो, आणि मुलाखत घेणारा मुरलेला मॅनेजर हमखास दुसरा विचारतो. दोन्ही लिहिणाऱ्यावर त्याचा विश्वास लवकर बसतो. आणि ‘१०० टक्के कव्हरेज, दर महिन्याला’ असं दिसलं की डीसीआर घरी बसून भरला असावा अशी शंका येते. डॉक्टरही गावाला जातातच की!

लाँचचं वाक्य सगळ्यात धोक्याचं. ‘प्रोफाइल म्हणजे जाहिरात थोडीच?’ असं अनेकांना वाटतं. पण उघड्या पानावर ब्रँडचं नाव आणि गुण लिहिले की ते रुग्णही वाचतात. शेड्यूल एच, एच-१ आणि एक्समधल्या औषधांची जाहिरात केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही. तुमचं पान जाहिरात ठरेल की नाही यावर वाद घालता येईल. पण तो वाद आपल्या नावावर कशाला ओढवून घ्यायचा? शिवाय संहितेनुसार ‘सुरक्षित’ हा शब्द मोघमपणे वापरायचा नाही आणि साइड इफेक्ट नाहीत असं ठामपणे सांगायचं नाही. भारतात वर्षभराहून जास्त काळ सर्रास मिळणाऱ्या औषधाला ‘नवं’ म्हणता येत नाही. तीच जुनी गोळी वेगळ्या स्ट्रिपमध्ये आली म्हणून ती नवी होत नाही. विक्रीची मंजुरी मिळण्याआधी औषधाचा प्रचार करायचा नाही, म्हणून ‘पुढच्या तिमाहीत येतंय’ हेही लिहायचं नाही.

‘संहिता म्हणजे कायदा नव्हे, मग कोण विचारतं?’ हा आणखी एक समज. ती कायदा नाही, हे खरं. पण तक्रार कंपन्यांच्या संघटनेच्या नीती समितीपुढे जाते. दोषी ठरलेल्या कंपनीला संघटनेतून निलंबित करता येतं किंवा काढूनही टाकता येतं. एमआरच्या वागण्याची जबाबदारी संहितेने कंपनीवरच टाकली आहे. त्यामुळे नवी कंपनी तुमचा प्रोफाइल वाचताना तुमची तडफ तर बघतेच, पण हा माणूस उद्या आपल्याला अडचणीत आणेल का, तेही जोखते.

त्या एमआरचा मजकूर मग असा झाला (आकडे नमुन्याचे) : ‘छत्रपती संभाजीनगर हेडक्वार्टर, चार एक्स-स्टेशन. यादीत १६० डॉक्टर; कव्हरेज ९०, कोअर भेटी ७० टक्के. मधुमेह विभागातील एका लाँचमध्ये सहभाग : पहिल्या तीन महिन्यांत ११२ डॉक्टरांना मंजूर व्हिज्युअल एडवरून डिटेलिंग, ८५ मेडिकल दुकानांत माल उपलब्ध.’ ब्रँडचं नाव नाही, डॉक्टरांचं नाही, गोळीचं कौतुकही नाही. तो म्हणाला, फार कोरडं वाटतं, सर. मी त्याला कोअर भेटींच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, उरलेले १५ डॉक्टर का सुटले? सिल्लोडचा दिवस आणि तिथल्या डॉक्टरांच्या ओपीडीची वेळ जुळत नव्हती. म्हणून त्याने पुढच्या महिन्यापासून टूर प्रोग्रॅमच बदलून घेतला होता. हे मात्र त्याने कुठेच लिहिलेलं नव्हतं.