एक खोली, पाच मुली, दहा नाती

कॉलेजच्या होस्टेलवर मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. ‘कोसला’ (१९६३) मध्ये पुण्याचं वसतिगृह आपल्याला एकट्या पांडुरंग सांगवीकरच्या आवाजात दिसतं, आणि त्या कादंबरीला तेवढा एक आवाज पुरतो. मालिका, वेब सिरीज किंवा नाटक लिहायला बसलं की हिशेब बदलतो. तिथे चार-पाच जणांची टोळी लागते आणि प्रत्येकाचं वजन सारखं भरावं लागतं. नवे लेखक इथेच अडतात. एक विनोदी, एक अभ्यासू, एक श्रीमंत, एक लाजाळू, एक बंडखोर अशी यादी होते, आणि पहिल्या दोन प्रसंगांनंतर सगळे एकाच माणसासारखे बोलायला लागतात.

टोळी यादीतून उभी राहत नाही, ती जोड्यांतून उभी राहते. चार जणांत सहा जोड्या होतात, पाचांत दहा, सहांत पंधरा. पंधरा नाती वाचकाच्या लक्षात ठेवणं अवघड असतं, दहा ठेवता येतात. शिवाय पाच जणांत कुठल्याही भांडणात तीन विरुद्ध दोन असे गट पडतात आणि बाजू बदलणाऱ्या एकीमुळे निकाल फिरतो. हे कसं करायचं ते एका खोलीवरून पाहू.

पुण्यातलं एका इंजिनिअरिंग कॉलेजचं मुलींचं होस्टेल, जुनी इमारत, कोपऱ्यातली मोठी खोली, पाच कॉट. कोल्हापूरकडची कल्याणी, वरूडच्या संत्रापट्ट्यातली तेजू, डोंबिवलीची मृण्मयी, लातूरची अस्मा आणि कुडाळची सायली. पाचही जणी वेगवेगळ्या शाखांतल्या. हा तपशील आत्ता किरकोळ वाटेल, पण पुढे तोच कामाला येतो.

आधी आवाज. रात्री दोन वाजता खोलीत दिवा चालू आहे आणि तो बंद व्हायला हवा, एवढाच प्रसंग घेऊ. कल्याणी म्हणेल, “घालव की दिवा. मी लय दमलोय.” कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायका-मुली ‘मी आलो’, ‘मी दमलोय’ असंच म्हणतात, त्यामुळे एका क्रियापदात तिचं गाव कळतं. तेजू विचारेल, “काहून वं, आमाले झोपू देशीन का नाई?” मृण्मयीचं वाक्य असेल, “लाइट ऑफ करतेस? प्लीज. उद्या प्रेझेंटेशन आहे.” दिवा अस्माचा आहे, तिचं उत्तर येईल, “दोनच पानं राहिलीत, बंद करायलेय की.” सायली काहीच बोलणार नाही, ती चादर डोक्यावरून घेऊन कूस बदलेल.

इथे बोलीने मोठं काम केलं आहे, पण नुसत्या बोलीवर विसंबलं तर पात्राऐवजी नकाशा तयार होतो. म्हणून हीच पाच वाक्यं प्रमाण मराठीत लिहून पाहावीत. तरीही कल्याणी हुकूम देते, तेजू प्रश्नातून चिडवते, मृण्मयी विनंतीला कारण जोडते, अस्मा मुदत मागते आणि सायली कृतीतून बोलते. नावं झाकूनही वाक्य कोणाचं ते ओळखता आलं, तर आवाज खरा. दोघींची वाक्यं अदलाबदल करूनही काही बिघडलं नाही, तर त्यांतली एक अजून लिहायची राहिली आहे. बोलीचं प्रमाणही सांभाळावं लागतं. पुण्यात दोन वर्षं काढलेली मुलगी दिवसभर गावच्यासारखी बोलत नाही. वर्गात तिची भाषा आवरलेली असते आणि घरचा फोन आला किंवा राग आला की गावची भाषा वर येते. भाषा कोणत्या क्षणी बदलते हे ठरवलं, तर तो बदलच वाचकाला मनातलं सांगून जातो.

आता गुपितं. होस्टेलच्या गोष्टीत गुपित म्हटलं की पहिल्यांदा प्रेमप्रकरण सुचतं. पाचातल्या तिघींना तेच दिलं, तर तिन्ही गुपितं एकमेकींना खाऊन टाकतात. होस्टेलच्या आयुष्यात याहून खोल गोष्टी लपलेल्या असतात, आणि त्या बहुतेक घर, पैसा आणि निकाल यांच्याशी बांधलेल्या असतात.

कल्याणीला वायडी लागली आहे, म्हणजे बरेच विषय राहिल्यामुळे तिला पुढच्या वर्षात प्रवेश मिळालेला नाही. घरी आणि खोलीत सगळे समजतात की ती तिसऱ्या वर्षाला आहे. शाखा वेगळ्या असल्यामुळे हे निभावून जातं. तेजूच्या घरची संत्र्याची बाग यंदा गेली आहे. ती मेसला खाडा सांगते, खाड्याचे कापून मिळालेले पैसे वडिलांना पाठवते आणि मैत्रिणींच्या खाऊवर किंवा मॅगीवर दिवस काढते. अस्माने वडिलांच्या आग्रहाखातर इंजिनिअरिंग घेतलं, पण ती गुपचूप पुन्हा नीटची तयारी करते आहे. ड्रॉइंगच्या शीटखाली जीवशास्त्राचं पुस्तक असतं. मृण्मयीने खोली बदलून मिळावी म्हणून रेक्टरबाईंकडे अर्ज दिला आहे आणि तो कोणालाही सांगितलेला नाही. सायलीने विभागाच्या बोर्डावर कल्याणीचा निकाल पाहिला आहे. दुसरीचं गुपित माहीत असणं, हेच तिचं गुपित.

या पाचांकडे नीट पाहिलं तर ती सुटी नाहीत. मृण्मयीचं गुपित घराविरुद्ध नाही, खोलीविरुद्ध आहे. सायलीचं गुपित कल्याणीच्या गुपितावर उभं आहे. पाच कपाटांत पाच कुलूपबंद डबे ठेवल्याने गोष्ट पुढे जात नाही. एकीचं लपवणं दुसरीच्या वाटेत आडवं यायला हवं.

खटके हे गुपितांचं बाहेर दिसणारं टोक असतं. खटका छोटा, रोजचा आणि परत परत होणारा असावा. दिव्यावरून अस्मा आणि मृण्मयी यांचं वाजतं, कारण अस्माला दिवा का हवा ते सांगता येत नाही. तेजू न विचारता मृण्मयीच्या डब्यातला लाडू खाते, मृण्मयी डब्यावर नाव लिहिते, आणि तेजू त्याची थट्टा करते, कारण भूक लागली होती असं म्हणणं तिला शक्य नाही. नोट्स मागितल्या की कल्याणी खेकसते. वरवर हे स्वभावाचे दोष वाटतात. पण कारण कळल्यावर वाचक आधीचा प्रत्येक खटका मनात पुन्हा वाचतो, आणि तो दुसऱ्यांदा वाचता यावा अशा बेताने तो पहिल्यांदा लिहायचा असतो.

उरलं एकच काम, पाचही गुपितांना एकाच वेळी धक्का देणारी घटना शोधणं. घटना होस्टेलच्या नियमातूनच यावी, अपघात किंवा चोरी बाहेरून आणू नये. आपल्या खोलीत पाणी तापवायची कॉइल आहे. ती कल्याणीने विकत घेतली, अस्मा तिच्यावर रात्रीच्या चहाचं पाणी उकळते आणि तेजू मॅगी करते. मृण्मयीने अर्जात कारणाच्या रकान्यात लिहिलं, रात्रभर दिवा चालू असतो आणि खोलीत कॉइल वापरतात. तिला फक्त खोली बदलून हवी होती. मंगळवारी रात्री तपासणी होते, कॉइल जप्त होते. दंड २,००० रुपये. शुक्रवारपर्यंत कॉइल कोणाची ते सांगा, तिच्या पालकांना बोलावू. कोणी सांगितलं नाही, तर शनिवारी पाचही जणींच्या पालकांनी येऊन रजिस्टरवर सही करायची.

त्या रजिस्टरमध्ये प्रत्येकीच्या नावापुढे तिचं वर्ष लिहिलेलं असतं. कल्याणीने कबूल केलं तरी वडील येणार, गप्प राहिली तरी येणार. अस्माने कबुली दिली तर रात्री जागून काय करत होतीस, हा प्रश्न वडिलांसमोर विचारला जाणार. दंड पाच जणींत वाटला तरी तेजूच्या वाट्याला ४०० रुपये येतात, आणि तेवढेही तिच्याकडे नाहीत. मृण्मयीने अर्ज मागे घ्यायचा म्हटलं, तर तपासणी कशामुळे झाली ते उघड होणार. एका नोटिशीने पाचही जणींना कोपऱ्यात गाठलं, आणि लेखकाला एकही योगायोग वापरावा लागला नाही.

आता ज्या मुलीला या प्रसंगात गमावण्यासारखं काहीच नव्हतं, तिला बोलतं करायचं. शुक्रवारी सायली रेक्टरबाईंना सांगते, “कॉइल माझी आहे.” जी कधी बोलत नाही तिचं पहिलं ठाम वाक्य खोटं आहे. या खोटेपणाची किंमत तिला मोजावी लागायला हवी, नाहीतर ती नुसती देवमाणूस ठरेल. म्हणून पुढचा प्रसंग फोनचा. “आये, तुका शनवारी पुण्याक येवचा लागतला.” आईला एक दिवसाची मजुरी बुडवून रातोरात प्रवास करावा लागणार आहे. आणि आतापर्यंत गप्प असलेली सायली वाचकाला पहिल्यांदा तिच्या घरच्या भाषेत ऐकू येते.

एवढ्याने दहापैकी निदान चार नाती हलतात. सायलीने हे का केलं असेल याचा विचार करताना कल्याणीला उमगतं की हिला माझा निकाल माहीत आहे. आता ती सायलीला घाबरते, आणि उपकाराखाली असल्याने चिडतेही. मृण्मयीला अर्जाचं ओझं सहन होत नाही. तेजूला सायली मूर्ख वाटते, कारण २,००० रुपये म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे. अस्मा दंडाचा अर्धा वाटा उचलते आणि का उचलला ते सांगत नाही. यातली सगळी गुपितं त्या रात्री फोडायची नाहीत. मृण्मयीचं आधी फुटू द्यावं, कारण त्यातून भांडण होतं. तेजूचं एखादीला आपसूक कळावं. कल्याणीचं वाचकाला कळलेलं असावं, घरच्यांना नाही. एखादं गुपित शेवटपर्यंत बंद ठेवलं तर पात्रं गोष्ट संपल्यावरही जगत राहतात. गुपित फुटल्यावर कुठलंच नातं बदललं नाही, तर ते गुपित नव्हतं, नुसती माहिती होती.

लिहून झाल्यावर एक परीक्षा घ्यावी. पाचपैकी एकेक मुलगी गोष्टीतून काढून पाहावी. मृण्मयी काढली तर तपासणी होत नाही. सायली काढली तर सुटका होत नाही. तेजू काढली तर पैशाला वजन उरत नाही. जिला काढल्याने काहीच अडत नाही, ती बहुधा इतरांचं ऐकून घेण्यापुरती किंवा विनोद करण्यापुरती ठेवलेली असते. तिला एक गरज द्यावी, नाहीतर टोळी चारांची करावी.

आपल्या पाच जणांची नावं, रंगरूप आणि आवडीनिवडी लिहिण्याआधी एका कागदावर दहा जोड्या मांडा आणि प्रत्येकीपुढे एक ओळ लिहा: ही तिच्यापासून काय लपवते आणि तिच्याकडून काय मागते. दहाही ओळी भरल्याशिवाय पहिला संवाद लिहू नका.