सिद्ध होणे आणि खरे असणे

‘क असेल तर ख’ हे विधान तर्कशास्त्रात ‘क → ख’ असे लिहितात. या बाणाकडे दोन प्रकारे पाहता येते, आणि ते दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तर्कशास्त्रज्ञ फार जपतात.

पहिला प्रकार सिंटॅक्सचा. इथे बाण म्हणजे कागदावरची एक खूण. तिला अर्थ असलाच पाहिजे असे नाही. सुरुवातीला दोन गृहीतके लिहायची मुभा आहे:

क → (क मागे ठेवून) असे वाचण्याची घाई न करता ती नुसती नमुने म्हणून पाहावीत.

पहिले: क → (ख → क)
दुसरे: (क → (ख → ग)) → ((क → ख) → (क → ग))

अक्षरांच्या जागी कोणतेही सूत्र घालता येते. नियम एकच: एका ओळीवर ‘क’ आणि दुसऱ्या ओळीवर ‘क → ख’ असेल, तर ‘ख’ लिहा. अशा ओळींची माळ म्हणजे सिद्धता. जर्मन तर्कज्ञ गॉटलोब फ्रेगे यांच्या 1879 मधल्या ‘बेग्रिफ्सश्रिफ्ट’ या पुस्तिकेतली पहिली दोन गृहीतके हीच.

आता ‘क → क’ सिद्ध करून पाहू. ‘यात सिद्ध काय करायचे?’ असे कोणीही म्हणेल, पण खुणांच्या राज्यात उघड असे काही नसते. पाच ओळी लागतात:

1. क → ((क → क) → क)
2. (क → ((क → क) → क)) → ((क → (क → क)) → (क → क))
3. (क → (क → क)) → (क → क)
4. क → (क → क)
5. क → क

पहिली आणि चौथी ओळ पहिल्या गृहीतकातून येते, दुसरी दुसऱ्यातून. तिसरी आणि पाचवी नियमाने. हे तपासायला अर्थ कळण्याची गरज नाही. यंत्रही तपासू शकेल.

दुसरा प्रकार सिमँटिक्सचा, म्हणजे अर्थाचा. क आणि ख यांना ‘खरे’ किंवा ‘खोटे’ अशी किंमत द्यायची. ‘क → ख’ फक्त एकाच वेळी खोटे: क खरे आणि ख खोटे असताना. एखादे सूत्र किमतींच्या प्रत्येक जोडीला खरे ठरले, तर ते सर्वथा सत्य. इथे सिद्धता नाही, नुसता तक्ता.

या दोन जगांना जोडणारे प्रश्नही दोनच. जे सिद्ध होते ते सारे सर्वथा सत्य असते का? असेल तर पद्धतीला साउंड म्हणतात. आणि जे सर्वथा सत्य आहे ते सारे सिद्ध होते का? असेल तर ती पूर्ण.

आपली पद्धत साउंड आहे हे पटवणे सोपे. दोन्ही गृहीतके तक्त्यात नेहमी खरी निघतात. नियमही खऱ्यापासून खोट्याकडे नेत नाही: ‘क’ आणि ‘क → ख’ दोन्ही खरी असतील, तर ख खोटे असूच शकत नाही. मग माळेतली प्रत्येक ओळ सत्यच.

पूर्णतेचे मात्र बिनसते. अमेरिकी तर्कज्ञ चार्ल्स पर्स यांनी 1885 मध्ये मांडलेले हे सूत्र पाहा:

((क → ख) → क) → क

क खरे असेल तर शेवट खरा, म्हणून सगळे खरे. क खोटे असेल तर ‘क → ख’ खरे, म्हणून ‘(क → ख) → क’ खोटे, आणि सगळे पुन्हा खरेच. म्हणजे सूत्र सर्वथा सत्य आहे. तरीही आपल्या दोन गृहीतकांतून ते कधीच निघत नाही.

‘कधीच नाही’ हे कसे ठरवायचे? हजार वर्षे प्रयत्न फसले तरी तो पुरावा होत नाही. इथे एक झकास युक्ती आहे: अर्थच बदलायचा. दोनऐवजी तीन किमती घ्या: 0, ½ आणि 1. डावी किंमत उजवीपेक्षा मोठी नसेल तर बाणाची किंमत 1, नाहीतर उजव्या बाजूची जी असेल ती. या नव्या तक्त्यात दोन्ही गृहीतकांना नेहमी 1 मिळते, आणि नियमही 1 कडून 1 कडेच नेतो. म्हणून जे जे सिद्ध होईल त्याची किंमत 1 असलीच पाहिजे. आता पर्सच्या सूत्रात क ला ½ आणि ख ला 0 द्या. ‘क → ख’ ची किंमत 0, ‘(क → ख) → क’ ची 1, आणि संपूर्ण सूत्राची ½. ते सिद्ध होणे अशक्य. साउंडनेसचा उपयोग असा उलटाही होतो.

पर्सचे सूत्र तिसरे गृहीतक म्हणून जोडले, की बाणापुरती ही पद्धत पूर्ण होते. फ्रेगे यांच्याकडे ‘नाही’ या खुणेचीही गृहीतके होती, आणि त्यांच्या मदतीने पर्सचे सूत्र सिद्ध होते. ज्या सूत्रात ‘नाही’ कुठेच नाही, ते सिद्ध करायला ‘नाही’चा आधार घ्यावा लागतो, हे जरा चक्रावणारेच.

विधानांच्या तर्कशास्त्राची अशी पद्धत पूर्ण असल्याचे गटिंगेनमध्ये पॉल बर्नेस यांनी 1918 मध्ये दाखवले. एमिल पोस्ट यांची स्वतंत्र सिद्धता 1921 मध्ये छापून आली. ‘सर्व’ आणि ‘काही’ असलेल्या तर्कशास्त्रासाठी हेच काम कुर्ट गोडेल यांनी 1929 मध्ये व्हिएन्नातल्या प्रबंधात केले. त्यांचा 1931 चा प्रसिद्ध अपूर्णता सिद्धांत याला खोडत नाही. तो अंकगणिताच्या गृहीतकांबद्दल आहे: ती सुसंगत आणि यंत्राने तपासता येण्याजोगी असतील, तर संख्यांविषयीचे एखादे विधान असे उरतेच, जे त्यांतून सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही.