उतारावर दंडगोल मागे का पडतो?

दोन मीटर लांबीची एक फळी घ्या आणि तिचं एक टोक वीस सेंटिमीटर उचला. या उतारावर दोन वस्तू एकाच क्षणी सोडायच्या आहेत. एक ठोकळा, ज्याला फळीचं घर्षण मुळीच जाणवत नाही, आणि एक भरीव लाकडी दंडगोल, जो जराही न घसरता गडगडत खाली येतो. हिशेब केला तर ठोकळा २.०२ सेकंदांत तळाला पोहोचतो आणि दंडगोलाला २.४७ सेकंद लागतात. ठोकळ्याचं त्वरण दर सेकंदाला ०.९८ मीटर प्रति सेकंद आहे, तर दंडगोलाचं त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ०.६५.

घर्षणाने दंडगोलाची ऊर्जा खाल्ली, असं उत्तर बहुतेकांच्या तोंडी येतं. ते खरं नाही. गडगडणाऱ्या दंडगोलाचा जो भाग फळीला टेकलेला असतो तो त्या क्षणापुरता स्थिर असतो. तो फळीवर घासत नाही, त्यामुळे उष्णता निर्माण होत नाही आणि ऊर्जा वायाही जात नाही. वीस सेंटिमीटर उंचीवरून उतरताना वस्तूच्या प्रत्येक किलोला १.९६ जूल ऊर्जा मिळते. तळाशी पोहोचलेल्या दंडगोलाकडे ती सगळी शाबूत असते, फक्त दोन खात्यांत वाटलेली: काही पुढे जाण्यात, काही स्वतःभोवती फिरण्यात. ठोकळ्याला फिरायचंच नसतं, म्हणून त्याची सगळी ऊर्जा पुढे जाण्यात लागते.

ही वाटणी किती, हे आधी पोकळ नळीवरून पाहू. नळीचं सगळं वस्तुमान कडेला असतं. न घसरता गडगडताना कडेचा प्रत्येक बिंदू मध्याभोवती ज्या वेगाने फिरतो, त्याच वेगाने मध्य पुढे सरकत असतो. दोन्ही वेग सारखे, म्हणून दोन्ही खात्यांतली ऊर्जाही सारखी. नळीची निम्मी ऊर्जा फिरण्यात जाते, तिचं त्वरण ठोकळ्याच्या निम्मं भरतं आणि आपल्या फळीवर तिला २.८६ सेकंद लागतात. भरीव दंडगोलात मात्र वस्तुमान आतपर्यंत पसरलेलं असतं आणि आतला भाग कडेपेक्षा हळू फिरतो. सगळ्याची बेरीज केली की फिरण्याची ऊर्जा पुढे जाण्याच्या ऊर्जेच्या निम्मी निघते. तीन वाटे केले तर दोन पुढे जाण्याचे आणि एक फिरण्याचा. उताराच्या प्रत्येक टप्प्यावर हेच प्रमाण राहतं, म्हणून त्वरणही बरोबर दोन तृतीयांश.

हीच गोष्ट बलांच्या अंगाने पाहिली की घर्षणाचं खरं काम कळतं. गुरुत्वाकर्षण दंडगोलाच्या मध्यावर ओढतं आणि फळीचा आधारही मध्याच्याच रोखाने लागतो, त्यामुळे या दोघांपैकी कोणीच त्याला फिरवू शकत नाही. घर्षण नसतं तर दंडगोल न फिरता ठोकळ्यासारखा सरळ घसरत गेला असता आणि त्याचा टेकलेला भागही खाली सरकला असता. ते सरकणं अडवण्यासाठी घर्षण उताराच्या वरच्या दिशेने लागतं. कडेवर लागल्यामुळे ते दंडगोलाला फिरवतं, आणि उलट्या दिशेने लागल्यामुळे मध्याला मागे ओढतं. एक किलोच्या दंडगोलाला उतार ०.९८ न्यूटन बलाने खाली खेचतो, घर्षण ०.३३ न्यूटनने मागे धरतं आणि उरलेल्या ०.६५ वर तो पुढे जातो. पुढे जाण्याच्या खात्यातून जेवढी ऊर्जा घर्षण काढतं, नेमकी तेवढीच ते फिरण्याच्या खात्यात टाकतं.

दंडगोल जाड असो वा बारीक, जड असो वा हलका, या हिशेबाला फरक पडत नाही. महत्त्वाचं एवढंच की वस्तुमान मध्यापासून किती लांब आहे आणि त्यातलं किती खरोखर फिरतं आहे. याची पारख करायला थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची गोल, गळ्यापर्यंत भरलेली बाटली चांगली. सकाळी तेल थिजलेलं असताना ती उतारावर सोडा आणि वेळ मोजा. मग कोमट पाण्यात ठेवून तेल पूर्ण पातळ करा, बाहेरून नीट पुसा आणि पुन्हा सोडा. वजन तेच, आकार तोच, तरी दुसऱ्या वेळी बाटली लवकर खाली येते. थिजलेलं तेल बाटलीबरोबर फिरतं. पातळ तेलाचा बाटलीलगतचा थर तेवढा फिरतो आणि मधलं तेल जवळजवळ न फिरता नुसतं खाली वाहून नेलं जातं. फिरण्याच्या खात्यात कमी गेलं, म्हणून पुढे जाण्याच्या खात्यात जास्त उरलं.

गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात उताराच्या प्रयोगाचं वर्णन केलं आहे. खाच पाडलेल्या लांब लाकडी तुळईवरून तो पितळेसारख्या धातूचा गोळा सोडायचा आणि भांड्यातून गळणारं पाणी तोलून वेळ मोजायचा. सपाट उतारावर भरीव गोळ्याचं त्वरण घसरणाऱ्या ठोकळ्याच्या पाच सप्तमांश असतं, आणि खाचेत तो दोन कडांवर टेकून चालत असेल तर आणखी कमी. फिरण्याचा हा वाटा त्याने हिशेबात धरला नव्हता. तरीही कापलेलं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हा त्याचा निष्कर्ष अचूक ठरला, कारण हा वाटा पहिल्या वितीपासून शेवटच्या वितीपर्यंत सारखाच राहतो. त्या आकड्यांवरून त्याने गुरुत्वत्वरणाची किंमत काढली असती, तर ती मात्र कमी आली असती.

पाठ्यपुस्तकातलं 'दंडगोल ठोकळ्यापेक्षा हळू' हे वाक्य मला नेहमी अपुरं वाटतं. त्यातला ठोकळा घर्षणाविना घसरतो, आणि असा ठोकळा घरात सापडत नाही. लाकडावर लाकूड ठेवलं आणि त्यांचा घर्षण गुणांक ०.३ धरला, तर आपल्या फळीवर ठोकळा जागचा हलणारही नाही. तो घसरू लागायला उतार सुमारे १७ अंश तरी हवा. ३० अंशांवर त्याचं त्वरण २.३५ भरतं, तर त्याच फळीवर गडगडणाऱ्या दंडगोलाचं ३.२७. म्हणजे दंडगोल सरळ पुढे निघतो. ठोकळा घासत जातो आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. दंडगोलाने ती फिरण्यात का होईना, जपलेली असते.

उतार वाढवत गेलं की ठोकळा हे अंतर भरून काढतो आणि सुमारे ४२ अंशांवर दोघांचं त्वरण सारखं होतं. पण नेमक्या याच कोनावर दंडगोलाचं न घसरता गडगडणंही संपतं. त्याला फिरत ठेवायला जेवढं घर्षण लागतं तेवढं त्यापुढे फळी देऊच शकत नाही. तो घसरू लागतो, ठोकळ्याइतकंच घर्षण त्यालाही लागतं आणि दोघं बरोबरीने उतरतात. एकाच फळीवर, एकाच लाकडाचे असले तर ठोकळा दंडगोलाला कधीच मागे टाकत नाही.

आपला दंडगोल खरंच न घसरता येतो आहे का, हे खडूने ओळखता येतं. त्याच्या गोल तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत एक रेघ ओढा आणि मोबाईलवर संथ गतीचं चित्रण करा. सहा सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल एका फेऱ्यात जवळजवळ १९ सेंटिमीटर पुढे जायला हवा, म्हणजे दोन मीटरमध्ये साडेदहा फेऱ्यांच्या थोडं वर. फेरे याहून कमी भरले तर तो वाटेत घसरला. तेव्हा उतार कमी करायचा किंवा फळीवरची धूळ पुसून घ्यायची.